व्हॉल्ट पुन्हा सुरू झालाय, पण उघडलेला नाही

सकाळी नऊच्या सुमारास रिपोर्टिंगचं ॲप्लिकेशन डेटाबेसशी बोलेनासं होतं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत असते:

```
FATAL:  password authentication failed for user "v-kubernet-reports-..."
```

पासवर्ड कुणीही बदललेला नाही. डेटाबेस सांभाळणारे शपथेवर सांगतात की आम्ही कशाला हातही लावला नाही, आणि ते खरंच असतं. साडेदहाला दुसऱ्याच एका टीमचं आधी ठरलेलं डिप्लॉयमेंट सुरू होतं आणि त्यांचे नवे पॉड `Init:0/1` वर अडकून बसतात. साहजिकच नव्या कोडवर संशय जातो, रोलबॅक होतो. पण जे जुने पॉड तोवर काढून टाकले गेले होते, त्यांच्या जागी येणारे पॉडही तिथेच अडकतात. आता चार टीम एकाच कॉलवर आणि चौघांचे चार संशयित.

खरं कारण रात्री दीड ते साडेतीनच्या दरम्यान घडून गेलेलं असतं. कुबर्नेटीसच्या नोडचं ठरलेलं अपग्रेड झालं, त्यात व्हॉल्टचे तिन्ही पॉड एकामागून एक बंद होऊन पुन्हा सुरू झाले. सुरू झाले, पण सीलबंद अवस्थेत. हा प्रसंग समजावण्यासाठी मी जुळवलेला आहे. मात्र त्यातला एकेक तुकडा व्हॉल्ट चालवणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा असेल.

व्हॉल्ट म्हणजे हॅशिकॉर्पने २०१५ मध्ये आणलेलं गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर. डेटाबेसचे पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या, प्रमाणपत्रं हे सगळं कोडमध्ये किंवा कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवण्याऐवजी एका जागी ठेवायचं. ॲप्लिकेशनने सुरू होताना स्वतःची ओळख पटवायची आणि हवं ते मागून घ्यायचं. २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने परवाना बदलल्यावर त्यातून ओपनबाओ नावाची खुली शाखा निघाली. इथे जे सांगतोय ते तिलाही जवळपास तसंच लागू पडतं.

आता मुख्य प्रश्न: नुसता रीस्टार्ट झाल्यावर तो कुलूपबंद का होतो? हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. व्हॉल्ट डिस्कवर जे काही लिहितो ते एन्क्रिप्ट करूनच लिहितो. ज्या किल्ल्यांनी हे एन्क्रिप्शन होतं, त्यांचा जुडगाही डिस्कवरच असतो, पण तो आणखी एका किल्लीने बंद केलेला असतो. तिला रूट की म्हणतात. जुन्या कागदपत्रांत तिचं नाव मास्टर की असं सापडेल. रूट कीसुद्धा डिस्कवर आहे, पण तीही अनसील कीने बंद केलेली. आणि ही शेवटची अनसील की मात्र व्हॉल्ट कुठेच लिहून ठेवत नाही. चालू असताना उघडलेली रूट की फक्त मेमरीत असते. प्रोसेस बंद पडली की मेमरी गेली, आणि मेमरीबरोबर किल्ली गेली. उरते ती डिस्क, आणि नुसती डिस्क चोरून नेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सारा खटाटोप त्यासाठीच आहे.

म्हणजे रीस्टार्टनंतर व्हॉल्टच्या दृष्टीने तुम्ही आणि डिस्क चोरणारा यांत काही फरक नाही. आपण मालक आहोत हे प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं.

हे सिद्ध करण्याची मूळ पद्धत अशी की अनसील की एका माणसाकडे द्यायचीच नाही. व्हॉल्ट पहिल्यांदा उभा करताना तिचे ५ हिस्से केले जातात आणि त्यांपैकी कोणतेही ३ एकत्र आले की किल्ली तयार होते. ५ आणि ३ हे न बदलल्यास मिळणारे आकडे आहेत, ते आपल्या सोयीने बदलता येतात. देवस्थानच्या दानपेटीला दोन-तीन कुलपं असतात आणि किल्ल्या वेगवेगळ्या विश्वस्तांकडे असतात, तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच की दानपेटीला सगळेच विश्वस्त लागतात, इथे पाचांतले कोणतेही तीन चालतात.

‘कोणतेही तीन’ हे कसं जमतं, याची गंमत पाहण्यासारखी आहे. कारण किल्ली कापून तुकडे केले, तर सगळे तुकडे लागतील. शिवाय प्रत्येक तुकड्यातून किल्लीचा थोडा भाग उघड होईल. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये यावर शाळेतल्या बीजगणिताचा उपाय सुचवला. समजा आपलं गुपित ७ हा आकडा आहे. एक वर्गसमीकरण घेऊ, ज्यातला स्थिरांक ७ आहे आणि बाकीचे दोन सहगुणक मनाला येतील ते, समजा ३ आणि २:

```
f(x) = 7 + 3x + 2x^2
f(1)=12  f(2)=21  f(3)=34  f(4)=51  f(5)=72
```

हे पाच बिंदू पाच माणसांना वाटले. आता पहिले तिघे एकत्र आले, त्यांच्याकडे १२, २१ आणि ३४ आहेत. त्यांनी ३×१२ − ३×२१ + ३४ केलं की ३६ − ६३ + ३४, म्हणजे ७. दुसरा, चौथा आणि पाचवा आले तर गुणक वेगळे येतात, पण उत्तर पुन्हा ७ च. कारण तीन बिंदूंतून जाणारा असा वक्र एकच असतो, आणि तो x = 0 ला कुठे आहे तेच आपलं गुपित. दोघेच असतील, तर त्या दोन बिंदूंतून जाणारे असंख्य वक्र काढता येतात, त्यामुळे दोघे मिळूनही एकट्यापेक्षा जास्त काही कळत नाही. व्हॉल्ट हेच गणित साध्या संख्यांऐवजी २५६ मूल्यांच्या एका मर्यादित संचात, किल्लीच्या प्रत्येक बाइटसाठी वेगळं करतो. किल्ली ३२ बाइटची, हिस्सा ३३ बाइटचा. जास्तीचा एक बाइट म्हणजे हा बिंदू कोणत्या x चा, ही नोंद.

या गणिताचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवायला हवा. एखाद्याने चुकीचा हिस्सा टाकला तर व्हॉल्टला ते लगेच कळत नाही. प्रगती मुकाट्याने 1/3, 2/3 अशी पुढे सरकते. तिसरा हिस्सा आल्यावर वक्र काढला जातो, चुकीची किल्ली निघते, ती लागत नाही आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. तिघांपैकी कुणाचा हिस्सा चुकला हे व्हॉल्ट सांगत नाही, कारण त्यालाच ते माहीत नसतं.

आता पुन्हा त्या रात्रीकडे. दीड वाजता पहिला नोड रिकामा केला गेला, `vault-2` दुसऱ्या नोडवर पुन्हा उभा राहिला आणि सील अवस्थेत थांबला. उरलेल्या दोघांत बहुमत शाबूत होतं, म्हणून काम चालू राहिलं. खरं तर कुबर्नेटीसने इथेच थांबायला हवं होतं. हेल्म चार्टमधून तीन पॉडचा व्हॉल्ट बसवला की एका वेळी एकच पॉड अनुपलब्ध असू द्यावा असा नियमही सोबत येतो, आणि सील झालेला पॉड ‘तयार’ धरला जात नाही. पण अपग्रेडची साधनं असा नियम काही काळच पाळतील अशी बेतलेली असू शकतात. ती मुदत संपली की सक्तीने पुढे जातात. आपल्या उदाहरणात तसंच झालं. अडीचला दुसरा पॉड गेला. आता उघडा एकच उरला, आणि तिघांतला एकटा बहुमत होत नाही. साठवणीसाठी व्हॉल्टची स्वतःची राफ्ट पद्धत वापरत असाल तर त्या क्षणी सेवा थांबली. साडेतीनला तिसराही सील झाला.

मग सकाळी नऊपर्यंत कुणालाच काही का जाणवलं नाही? इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. व्हॉल्ट बंद झाल्याने चालू ॲप्लिकेशन लगेच बंद पडत नाही. ज्याने सुरू होताना पासवर्ड एकदाच वाचून मेमरीत ठेवला, ते आठवडाभरही बिनघोर चालेल आणि फक्त पुढच्या रीस्टार्टला अडेल. साडेदहाच्या डिप्लॉयमेंटचं तेच झालं. रिपोर्टिंगची गोष्ट थोडी निराळी. त्याला व्हॉल्ट तात्पुरता पासवर्ड देत असे: पोस्टग्रेसमध्ये नवा वापरकर्ता तयार करायचा, त्याला आठ तासांची मुदत घालायची आणि मुदत संपत आली की वाढवत राहायची. शेवटची वाढ रात्री एक वाजता झाली होती. पुढची वाढ होण्याआधीच व्हॉल्ट गेला, म्हणून नऊ वाजता त्या वापरकर्त्याची मुदत संपली. पोस्टग्रेस ही मुदत फक्त लॉगिन करताना तपासतो, आधीच उघडी असलेली जोडणी तोडत नाही. त्यामुळे नऊच्या ठोक्याला सगळं बंद पडलं असंही नाही. जावातल्या हिकारी या कनेक्शन पूलमध्ये एका जोडणीचं आयुष्य मुळात ३० मिनिटांचं ठरलेलं असतं. जुन्या जोडण्या एकेक करून निवृत्त झाल्या, नव्या मिळेनात, आणि साडेनऊपर्यंत सगळा पूल आटला. बिघाड अर्धा तास पसरून दिसला की ‘अधूनमधून होतंय, नेटवर्क असेल’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक टीममध्ये असतोच.

अडकलेल्या पॉडकडे नीट पाहिलं असतं तर मात्र पाच मिनिटांत उलगडा झाला असता. अशा पॉडमध्ये मुख्य कंटेनरच्या आधी `vault-agent-init` नावाचा छोटा कंटेनर चालतो. त्याचं काम एवढंच: व्हॉल्टला ओळख पटवून गुपितं आणायची आणि फाइलमध्ये लिहायची. `kubectl logs` ला पॉडच्या नावासोबत `-c vault-agent-init` दिलं की त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं:

```
URL: PUT http://vault.vault.svc:8200/v1/auth/kubernetes/login
Code: 503. Errors:

* Vault is sealed
```

मुख्य कंटेनर सुरूच झालेला नसल्यामुळे त्याचा लॉग कोरा असतो आणि बहुतेक जण तो कोरा लॉग पाहूनच परततात. ॲप्लिकेशन एजंटशिवाय थेट व्हॉल्टला विचारत असेल आणि उत्तर न मिळाल्यास बाहेर पडत असेल, तर चित्र वेगळं दिसतं: पॉड `CrashLoopBackOff` मध्ये फिरत राहतो.

खात्री करायला `vault status` पुरतं. त्यातल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
Seal Type          shamir
Initialized        true
Sealed             true
Total Shares       5
Threshold          3
Unseal Progress    0/3
```

पहारा ठेवायचा असेल तर `/v1/sys/health` हा पत्ता टोकनशिवायही उत्तर देतो. तिथे २०० म्हणजे उघडा आणि मुख्य, ४२९ म्हणजे उघडा पण राखीव, ५०३ म्हणजे सील. मात्र हे प्रत्येक पॉडला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर विचारायचं, सगळ्यांच्या पुढे असलेल्या सामाईक पत्त्यावर नाही. तिघांपैकी एकच सील असेल तर सामाईक पत्ता कधी हो म्हणतो, कधी नाही. हेल्म चार्टमधली `vault` ही सर्व्हिस तयार नसलेल्या पॉडकडेही विनंत्या पाठवते, त्यामुळे अशा वेळी साधारण तीनातली एक विनंती ५०३ घेऊन परतते. पुन्हा प्रयत्न करणारं ॲप्लिकेशन तरून जातं, न करणारं पडतं आणि कारण कुणाच्या हाती लागत नाही. दीड ते अडीचच्या त्या तासात हाच इशारा मिळू शकला असता.

आता उघडण्याकडे येऊ. कागदावर हे सोपं आहे: तिघांनी `vault operator unseal` चालवायचं आणि आपापला हिस्सा टाकायचा. प्रत्यक्षात पहिला घोटाळा पत्त्याचा होतो. तिघेही आपापल्या लॅपटॉपवरून काम करतात आणि तिघांच्याही `VAULT_ADDR` मध्ये लोड बॅलन्सरचा पत्ता असतो. पहिल्याचा हिस्सा `vault-0` ला पोचतो, दुसऱ्याचा `vault-2` ला, तिसऱ्याचा `vault-1` ला. प्रत्येकाला पडद्यावर 1/3 दिसतं. प्रत्येक पॉड स्वतःची मोजणी स्वतःच्या मेमरीत ठेवतो, दुसऱ्याला सांगत नाही. दुसऱ्या माणसाला 2/3 ऐवजी 1/3 दिसलं की तिथेच थांबायला हवं. तिथे छापून येणारा `Unseal Nonce` दोघांचा जुळतो का हेही पाहता येतं. नाही जुळला तर तुम्ही वेगवेगळ्या दारांवर उभे आहात. म्हणून पॉडचं नाव घेऊनच आत शिरावं:

```
kubectl -n vault exec -ti vault-0 -- vault operator unseal
```

किल्ली मागितल्यावर टाइप करायची, कमांडच्या ओळीत लिहायची नाही, नाहीतर ती शेलच्या इतिहासात राहून जाते. आणि घाईघाईत तिघांचे हिस्से चॅटवर मागवून एकानेच टाकणं म्हणजे पाच हिस्से करण्याच्या सगळ्या खटाटोपावर पाणी सोडणं आहे. तिघांनी एकाच वेळी हजर असण्याचीही गरज नसते. पहिल्याने टाकलेला हिस्सा पॉड चालू आहे तोवर टिकून राहतो.

‘पॉड चालू आहे तोवर’ या अटीतच दुसरा सापळा दडलेला आहे. पॉड जिवंत आहे की नाही हे पाहणारी लाइव्हनेस तपासणी हेल्म चार्टमध्ये मुळात बंद असते. कुणीतरी चांगल्या हेतूने ती चालू करतं आणि तिला `/v1/sys/health` चा पत्ता देतं. सील झालेला पॉड ५०३ म्हणतो, कुबर्नेटीस त्याला मेलेला समजून मारतं, तो पुन्हा सील अवस्थेतच उठतो. असं चक्र सुरू असताना दोन हिस्से टाकून तिसऱ्याची वाट पाहत बसलात तर मोजणी परत शून्यावर. तपासणी ठेवायचीच असेल तर पत्त्याच्या शेवटी `?standbyok=true&sealedcode=204&uninitcode=204` जोडावं, म्हणजे सील असणं हा मृत्यू धरला जाणार नाही.

`vault-0` उघडला, `Sealed false` दिसलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि ॲप्लिकेशन तरीही रडतंय. फक्त निरोप बदलला: आता ५०३ ऐवजी ५००, आणि सोबत `local node not active but active cluster node not found`. हे चुकीचं काही झाल्याचं लक्षण नाही. तीन पॉडच्या राफ्टमध्ये मुख्य निवडायला दोघे लागतात आणि सील असलेला मतदानात धरला जात नाही. दुसरा पॉड उघडेपर्यंत पहिला राखीव म्हणूनच बसून राहतो. म्हणजे सेवा सुरू व्हायला ६ वेळा हिस्सा टाकावा लागतो, आणि सगळं पूर्ववत व्हायला ९ वेळा. हे आधी माहीत नसलं की पहिल्या तीननंतर एखादा किल्लीधारक ‘माझं झालं’ म्हणून कॉल सोडून जातो आणि त्याला परत शोधावं लागतं.

बहुमत जमल्यावरही लगेच सगळं हिरवं होत नाही. एजंट प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेतो, एका सेकंदापासून थेट पाच मिनिटांपर्यंत. `CrashLoopBackOff` मध्ये अडकलेल्या पॉडचीही कमाल वाट पाच मिनिटांचीच. या पाच मिनिटांत घाबरून आणखी काही बदलू नये. फार तर अडकलेले पॉड काढून टाकावेत, नवे लगेच प्रयत्न करतात. दरम्यान व्हॉल्ट उघडताच आपली जुनी वही तपासतो आणि मुदत उलटून गेलेले सगळे तात्पुरते पासवर्ड रद्द करायला घेतो. सील असताना हे काम तुंबून राहिलेलं असतं. जे ॲप्लिकेशन अजून जुन्या उघड्या जोडणीवर तग धरून होतं, त्याच्या वापरकर्त्याचे हक्क आता काढले जातात. म्हणून व्हॉल्ट उघडल्यावर नव्याने काहीतरी पडलं असं वाटतं. एजंट नवा पासवर्ड आणून फाइलमध्ये लिहितो हे खरं, पण ॲप्लिकेशन ती फाइल फक्त सुरू होतानाच वाचत असेल तर त्याला एकदा रीस्टार्ट देण्यावाचून इलाज नाही.

हे सगळं वाचून कुणीही विचारेल: दर रीस्टार्टला तीन माणसं उठवायची, हे एकविसाव्या शतकात चालतं का? फारसं नाही, आणि म्हणूनच आपोआप उघडण्याची सोय आहे. डिसेंबर २०१८ मधल्या १.० आवृत्तीपासून ती फुकट आवृत्तीतही मिळते. त्यात रूट की शमीरच्या हिश्शांऐवजी क्लाउडच्या किल्ली सांभाळणाऱ्या सेवेकडून बंद करून घेतली जाते. मुंबई रीजनमधल्या एडब्ल्यूएससाठी कॉन्फिगमध्ये एवढंच लागतं:

```
seal "awskms" {
  region     = "ap-south-1"
  kms_key_id = "alias/vault-unseal"
}
```

सुरू होताना व्हॉल्ट त्या सेवेला म्हणतो, ही बंद रूट की उघडून दे. परवानगी असेल तर ती देते. पहाटे कुणाला फोन करावा लागत नाही. माझं मत विचाराल तर पॉड सतत हलत असलेल्या कुबर्नेटीसवर व्हॉल्ट ठेवायचा आणि हिस्से हाताने टाकायचे, हे दोन्ही एकत्र नांदत नाही.

पण यात विश्वास नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. आधी तीन माणसं लागत होती, आता त्या एका किल्लीने उघडण्याची परवानगी ज्याच्या क्लाउड खात्यात आहे आणि ज्याच्या हाती व्हॉल्टची साठवण आहे, तो एकटा पुरतो. आणि ती किल्ली गेली तर सगळं गेलं. एडब्ल्यूएसवर किल्ली काढून टाकायला ७ ते ३० दिवसांची प्रतीक्षा ठेवलेली असते. त्या काळात कुणाच्या लक्षात आलं नाही, तर व्हॉल्टच्या बॅकअपचाही उपयोग उरत नाही, कारण बॅकअपही त्याच किल्लीने बंद आहे. या पद्धतीत हाती येणाऱ्या ‘रिकव्हरी की’ नावावरून वाटतं की अडल्यावेळी त्यांनी उघडता येईल. येत नाही. नवं रूट टोकन काढण्यासारख्या कामांना संमती देण्यापुरत्याच त्या असतात.

ॲप्लिकेशनच्या बाजूनेही एक वाट आहे. सुरू होताना थेट व्हॉल्टवर अवलंबून राहण्याऐवजी एखादा ऑपरेटर, म्हणजे क्लस्टरमध्येच चालणारा प्रोग्राम, गुपितं व्हॉल्टमधून आणून कुबर्नेटीसच्या सीक्रेटमध्ये ठेवतो आणि पॉड तिथून वाचतो. मग व्हॉल्ट चार तास सील असला तरी न बदलणाऱ्या पासवर्डवर चालणारे नवे पॉड सुरू होतात. किंमत अशी की गुपिताची एक प्रत आता क्लस्टरच्या साठवणीत पडून राहते, आणि तिथे वेगळं एन्क्रिप्शन लावलं नसेल तर ती फक्त बेस६४ च्या वेशात असते. पेमेंटच्या किल्ल्यांसाठी मी हे करणार नाही. अंतर्गत डॅशबोर्डच्या पासवर्डसाठी खुशाल करावं. आठ तासांची मुदत असलेल्या तात्पुरत्या पासवर्डला या प्रतीचा उपयोग तसाही आठ तासांपुरताच.

हाताने उघडण्याची पद्धतच ठेवायची असेल, तर हिस्से कुठे आहेत याचा एकदा शेवटपर्यंत माग काढावा. हिस्सा पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे. त्यात शिरायला कंपनीचं सामाईक लॉगिन लागतं. ते लॉगिन चालवणारी सेवा स्वतःचा डेटाबेस पासवर्ड व्हॉल्टमधून घेते. किंवा व्हीपीएनचं प्रमाणपत्र व्हॉल्टच देतो आणि व्हीपीएनशिवाय व्हॉल्टपर्यंत पोचता येत नाही. ही साखळी एरवी दिसत नाही, कारण एरवी सगळेच कुठे ना कुठे लॉगिन झालेले असतात.

आणि पाचांपैकी तिघे नोकरी सोडून गेले, त्यांचे हिस्से कुणाला सापडत नाहीत, पण व्हॉल्ट आज उघडा आहे, अशी वेळ आली तर? नवे हिस्से काढणारं `vault operator rekey` वापरता येत नाही, कारण त्यालाही जुने तीन हिस्से लागतात. आपोआप उघडण्याकडे वळायचं तर `vault operator unseal -migrate` लागतं, त्यालाही तेच. मग एकच काम उरतं, आणि ते पुढच्या रीस्टार्टच्या आधीच करायचं असतं. नोडचं अपग्रेड ताबडतोब थांबवायचं, शेजारी नवा व्हॉल्ट उभा करायचा, आणि पुरेशा अधिकाराचं टोकन अजून ज्याच्याकडे आहे त्याने एकेक गुपित वाचून नव्यात लिहून काढायचं. तात्पुरते पासवर्ड उचलून नेता येत नाहीत. त्यांच्यासाठी डेटाबेसची जोडणी नव्या व्हॉल्टमध्ये पुन्हा बांधावी लागते.